विजेचं चुकीचं बिल आणि एक पानी तमिळ अर्ज : तामिळनाडूतल्या गलाईवाल्या भाऊबंदांना खुले पत्र

माझ्या भाऊबंदांनो, वहिनींनो, काका-काकूंनो,

सप्रेम नमस्कार.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ सोडून आपण इकडे सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या लावल्या. कुणाला वीस वर्षं झाली, कुणाची तिसरी पिढी इथं नांदते आहे. बाजारात आपण तमिळ बोलतो, भाव करतो, वेळ आली तर भांडतोही. पण कचेरीत कागद द्यायची वेळ आली की आपली जीभ टाळूला चिकटते. विजेचं बिल दुप्पट आलं तरी "जाऊ दे, परक्या मुलखात कुठं डोकं लावायचं" म्हणून भरून टाकतो. मिलिग्रॅमच्या फरकासाठी काटा दोनदा बघणारी आपण माणसं, त्या बिलावरचे युनिट मात्र वाचत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

मी इथल्या तमिळ शाळेत शिकलो. त्यामुळं आपल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडं आपसूक आलंय. त्यातला एक अर्ज तुम्हाला अख्खा उलगडून दाखवतो. तो माझ्या चुलतभावाच्या घरच्या बिलाचा आहे.

भावाच्या घरी दर दोन महिन्यांनी साधारण ३०० ते ३२० युनिट जळतात. आधीची तीन बिलं ६७५, ७६५ आणि ७२० रुपयांची होती. मग एका फेरीला रीडिंग घ्यायला कुणी आलंच नाही. बिल आलं नाही म्हणून घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या फेरीला माणूस आला, रीडिंग घेतलं आणि बिल निघालं ३,११० रुपयांचं. वहिनीला वाटलं, मीटर पळतंय. भावाला वाटलं, शेजाऱ्यानं तार जोडली. मी मीटरजवळ लटकवलेलं पांढरं कार्ड काढून बघितलं. मधल्या फेरीची ओळ कोरी होती, आणि शेवटच्या दोन रीडिंगांत ६४० युनिटांचा फरक होता. मीटर बरोबर होतं. ६४० युनिट खरोखरच जळले होते, पण ते चार महिन्यांत. हिशेब मात्र दोन महिन्यांचे धरून झाला होता.

हा फरक कुठं बसतो ते नीट समजून घ्या, कारण सगळा अर्ज त्यावरच उभा आहे. तामिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचं असतं आणि दर टप्प्याटप्प्यानं चढतो. प्रत्येक दोन महिन्यांत पहिले १०० युनिट फुकट असतात. ही सवलत २०१६ पासून आहे. सप्टेंबर २०२२ ला लागू झालेल्या दरांनी हिशेब सांगतो. नंतर दर थोडे वाढले आहेत, पण बांधणी समजायला हेच सोपे पडतील. दोन महिन्यांचा वापर ५०० युनिटांच्या आत असेल तर १०१ ते २०० पर्यंत सव्वादोन रुपये, त्यापुढं ४०० पर्यंत साडेचार रुपये आणि ५०० पर्यंत सहा रुपये. वापर ५०० च्या वर गेला की सव्वादोनचा टप्पाच जातो, १०१ पासून थेट साडेचार लागतात आणि ५०० च्या पुढं आठ, नऊ, दहा, अकरा असा दर चढतो.

आता ६४० युनिट एका दमात धरले तर ३०० युनिटांचे १,३५०, पुढच्या शंभराचे ६००, त्यापुढच्या शंभराचे ८०० आणि उरलेल्या चाळिसांचे ३६०. बेरीज ३,११०. तेच ६४० दोन फेऱ्यांत वाटले, म्हणजे ३२० आणि ३२०, तर एका फेरीचे २२५ आणि ५४० मिळून ७६५ होतात. दोन्ही फेऱ्यांचे मिळून १,५३०. वीज तेवढीच जळली, पण १,५८० रुपये जास्तीचे लागले. शंभर फुकट युनिट एकदा बुडाले, स्वस्त टप्पा दोन्ही फेऱ्यांचा गेला आणि वर महाग टप्पे लागले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग घेणारे घरोघर जाऊ शकले नव्हते. तेव्हाही चार महिन्यांच्या वापराचे दोन भाग करून प्रत्येक भागाला टप्पे लावले गेले होते. म्हणजे आपण मागतो ती वाट नवी नाही.

चूक नेमकी कुठली, हे अर्ज लिहिण्याआधी ठरवा. बिलावर मागचं रीडिंग आणि आताचं रीडिंग कुठल्या तारखांचं आहे ते बघा. मधे साठ दिवसांच्या आसपास असेल तर ठीक. एकशेवीस असेल तर आमच्यासारखी गोष्ट. बिलावरचं रीडिंग मीटरवरच्या आजच्या आकड्यापेक्षाही मोठं असेल, तर आकडा चुकून वाचला गेलाय. इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे फिरत असतात, त्यात तारीख येते, व्होल्टेज येतं. थांबून `kWh` हा आकडा समोर येईल तेव्हाच फोटो काढा. मीटरच जोरात फिरतंय असा संशय असेल तर मीटर तपासणीचा अर्ज वेगळा असतो, त्यात हे मिसळू नका. आणि दुकानाचं, भट्टीचं कनेक्शन घरगुती नसतं. तिथं फुकट शंभर युनिट नाहीत, त्यामुळं हा हिशेब तिथं चालणार नाही.

आता अर्ज. माझा आग्रह आहे की तो तमिळमध्येच द्या. १९५६ च्या कायद्यानं तमिळ ही या राज्याची राजभाषा आहे. साहेबाला इंग्रजी येतं, मान्य. पण तुमचा कागद साहेबाच्या टेबलावरून कारकुनाकडं जातो, तिथून रीडिंग घेणाऱ्याकडं जातो, आणि जो माणूस खरोखर ती नोंद दुरुस्त करणार, त्याला कागद एका वाचनात कळला पाहिजे.

अडचण इथं येते. आपण शिकलो ती बाजाराची तमिळ, आणि कागदावरची तमिळ वेगळी. तोंडी आपण म्हणतो, "बिल् तप्पा वंदुरुक्कु". अर्जात हे चालत नाही. तिथं "मिन् कट्टणम् तवऱागक् कणक्किडप्पट्टुळ्ळदु" असं येतं, म्हणजे वीज आकार चुकीचा मोजला गेला आहे. या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. 'तप्पु' या शब्दाला गुन्ह्याचा, खोटेपणाचा वास येतो. 'तवऱु' म्हणजे साधी चूक, कुणाच्याही हातून होणारी. आणि क्रियापद 'मोजला गेला आहे' असं आहे, 'तुम्ही मोजला' असं नाही. समोरच्या माणसाकडं बोट न दाखवता चूक कागदावर येते.

भाऊ तेव्हा पेटला होता. दुकानाच्या पाटीवर कागद ठेवून मी लिहीत होतो. तो तेजाबाचे हात पुसत आला आणि म्हणाला, "मोसडि लिही. फसवणूक लिही." मी त्याचा मान राखून एकदा लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि त्याच्यासमोरच ती ओळ खोडली. मोसडि लिहिलं की समोरच्या कारकुनाला आधी स्वतःचा बचाव करावा लागतो. मग युनिटांचा हिशेब बाजूला राहतो. आणि इथं फसवणूक नव्हतीच, एक फेरी चुकली होती.

अर्जाची मांडणी ठरलेली असते. वर 'अनुप्पुनर्', म्हणजे पाठवणारा, तिथं आपलं नाव, पत्ता, मोबाइल. खाली 'पेऱुनर्', म्हणजे ज्याला द्यायचा तो. आपल्या भागाच्या 'पिरिवु अलुवलगम्' मधला 'उदवि पोऱियाळर्', म्हणजे विभाग कार्यालयातला सहायक अभियंता. मग 'पोरुळ्' म्हणजे विषय, आणि 'पार्वै' म्हणजे संदर्भ. संदर्भात 'मिन् इणैप्पु एण्', वीज जोडणी क्रमांक, तो बिलावरून बघून एकेक आकडा ताडून लिहा. हा एक आकडा चुकला तर बाकीचा कागद वाया.

आमच्या अर्जाचा मजकूर असा होता. मी देवनागरीत देतोय. घरात तमिळ शाळेत जाणारं पोर असेल तर त्याला समोर बसवा, तुम्ही वाचा, ते तमिळ अक्षरांत उतरवेल.

पोरुळ् : मिन् कट्टणक् कणक्कीट्टिल् उळ्ळ तवऱैच् चरिसेय्यक् कोरुदल् – तोडर्बाग.

मदिप्पिऱ्कुरिय ऐया, वणक्कम्.

मेऱ्कण्ड मिन् इणैप्पुक्कु नान्गु मादप् पयन्बाडान ६४० यूनिट्टुगळ् ओरे कणक्कीडागक् कणक्किडप्पट्टुळ्ळन. इडैयिल् ओरु मुऱै अळवीडु एडुक्कप्पडविल्लै.

एनवे ६४० यूनिट्टुगळै इरण्डु कणक्कीट्टुक् कालंगळागप् पिरित्तु, कट्टणत्तैत् तिरुत्ति वऴंगुमाऱु केट्टुक्कोळ्गिऱेन्.

मिन्सारच् चट्टम् २००३, पिरिवु ५६(१)-इन्पडि, आट्सेबणैयुडन् रू. १,४४० सेलुत्तत् तयाराग उळ्ळेन्. इप्पुगार् तीरुम् वरै मिन् इणैप्पैत् तुण्डिक्क वेण्डाम् एनक् केट्टुक्कोळ्गिऱेन्.

तंगळ् एऴुत्तुप्पूर्वमान पदिलै एदिर्पार्क्किऱेन्. नन्ऱि.

इप्पडिक्कु, तंगळ् उण्मैयुळ्ळ.

एवढंच. विषयाची ओळ म्हणते : वीज आकाराच्या हिशेबातली चूक दुरुस्त करण्याची मागणी, त्याबाबत. पहिल्या परिच्छेदात काय घडलं ते आहे : वरील जोडणीचे चार महिन्यांच्या वापराचे ६४० युनिट एकाच हिशेबात धरले गेले आहेत, मधे एकदा रीडिंग घेतलं गेलं नाही. दुसऱ्यात काय हवं ते : हे युनिट दोन बिलकाळांत विभागून आकार दुरुस्त करून द्यावा, अशी विनंती करतो. महिनाअखेरची अडचण, मुलांची फी, गावाकडचा खर्च, यातलं काहीही लिहू नका. त्यानं कागदाचं वजन कमी होतं.

तिसऱ्या परिच्छेदातले १,४४० रुपये कुठून आले ते सांगतो, कारण आपल्या लोकांना बहुधा हेच ठाऊक नसतं. रीडिंगपासून २० दिवसांत बिल भरायचं असतं. तक्रार दिली म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही. पण वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये तरतूद आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलावर वाद असेल तेव्हा ग्राहकानं निषेध नोंदवून, मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. भावाची मागची सहा महिन्यांची तीन बिलं मिळून २,१६० रुपये, म्हणजे महिन्याला ३६०. वाद चार महिन्यांचा, म्हणून १,४४०. 'आट्सेबणैयुडन्' म्हणजे आक्षेपासह, निषेध नोंदवून. हा शब्द अर्जात असलाच पाहिजे, नाहीतर भरलेले पैसे म्हणजे बिल कबूल, असा अर्थ काढायला जागा राहते.

काउंटरवर अर्धी रक्कम सहज घेतीलच असं धरून चालू नका. त्यांच्यासमोर पडद्यावर पूर्ण आकडा असतो. म्हणून आधी अर्ज देऊन त्यावर अभियंत्याचा शेरा घ्या आणि मग काउंटरवर जा. मुदत अगदी तोंडावर आली असेल आणि शेरा मिळत नसेल, तर पूर्ण रक्कम भरा, पण आक्षेपाचा अर्ज त्याच दिवशी द्या. शेवटच्या विनंतीच्या जागी मग जास्तीची रक्कम 'वरुम् कट्टणत्तिल्', म्हणजे येणाऱ्या बिलात वळती करावी असं लिहा.

आता 'केट्टुक्कोळ्गिऱेन्' या शब्दाकडं बघा. विनंती करतो, असा त्याचा अर्थ. याच जागी 'वेण्डुगिऱेन्' लिहिलं तर ते आर्जव होतं, देवापुढं हात जोडल्यासारखं. आणि 'कोरुगिऱेन्' म्हणजे हक्कानं मागतो. मी विषयाच्या ओळीत 'कोरुदल्' ठेवतो आणि आतल्या मजकुरात 'केट्टुक्कोळ्गिऱेन्'. वरची ओळ सांगते की ही मागणी आहे, आतली भाषा सांगते की मागणारा माणूस रीतीचा आहे. तसंच 'तंगळ्' हे 'आपल्या' या अर्थाचं आदराचं रूप आहे. बोलताना आपण 'उंग' म्हणतो, ते कागदावर आणू नका. आणि शेवटची ओळ, "आपल्या लेखी उत्तराची अपेक्षा आहे", ही सगळ्या अर्जातली सर्वांत ठाम ओळ आहे. ती कधीही गाळू नका. लेखी उत्तर मागितलं की कागदाला नोंद लागते.

या तमिळची फार धास्ती घेऊ नका. पुगार् म्हणजे तक्रार, आपल्या पुकारसारखाच शब्द. नगल् म्हणजे नक्कल. रसीदु म्हणजे रसीद, पाक्कि म्हणजे बाकी, तयार् म्हणजे तयार. अर्ध्या कचेरीची भाषा आपल्या कानाला आधीच ओळखीची आहे.

अर्जाच्या खाली 'इणैप्पु' असं लिहून सोबतचे कागद मोजून लिहा. जोडणीलाही इणैप्पु, सोबतच्या कागदांनाही इणैप्पु, गोंधळू नका. आम्ही तीन गोष्टी लावल्या : पांढऱ्या कार्डाची नक्कल, वादातल्या बिलाची नक्कल, आणि मागच्या तीन बिलांच्या पावत्या. मागच्या पानावर तो ३,११० आणि १,५३० चा हिशेब दोन उभ्या रांगांत मांडला. हिशेब मजकुरात कोंबला असता तर कुणी वाचला नसता.

भाड्याच्या घरात राहत असाल तर जोडणी घरमालकाच्या नावावर असते. जिथं वीज जोडलेली आहे त्या जागेतला माणूसही कायद्यानं ग्राहकच आहे, त्यामुळं भाडेकरूनं अर्ज देण्यात काही गैर नाही. तरी मालकाची सही शेजारी घ्या. काम लवकर होतं आणि उद्या मालकाशी वाद राहत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. याला 'ओप्पुगै' म्हणतात, म्हणजे पोच. "ओप्पुगै कुडुंग सार्" एवढं तोंडी म्हणता आलं तरी पुरे. देत नसतील तर टपालानं पोचपावतीसह पाठवा. सोबत राज्याच्या 'मिन्नगम्' या तक्रार केंद्रात, ९४९८७९४९८७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा. हे केंद्र जून २०२१ पासून रात्रंदिवस चालू आहे.

भाऊ आणि मी सकाळी गेलो. अभियंता बाईंनी अर्ज वाचला, पान उलटून हिशेब बघितला आणि कार्डाच्या कोऱ्या ओळीवर पेन्सिलीनं गोल काढला. एक शब्दही चढा बोलला गेला नाही. १,४४० भरून घ्यायचा शेरा त्यांनी तिथंच दिला. पुढं दुरुस्त बिल १,५३० चं आलं आणि उरलेले ९० रुपये भावानं भरले.

प्रत्येकाचं इतक्या सरळ होईल असं मी म्हणत नाही. विभाग कार्यालयात दाद लागली नाही, तर 'मिन् नुगर्वोर् कुऱैतीर्क्कुम् मन्ऱम्', म्हणजे वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो. मंडलाच्या अधीक्षक अभियंत्याच्या कार्यालयात तो बसतो. त्याच्या वर चेन्नईत विद्युत लोकपाल आहे. तिथंही पहिला प्रश्न एकच असतो : पोच असलेली प्रत कुठं आहे?

येत्या यात्रेला किंवा दिवाळीला गावी निघताना मीटरचा एक फोटो काढा, परत आल्यावर आणखी एक काढा आणि पांढऱ्या कार्डाची शेवटची ओळ कोरी आहे का ते बघा. कोरी असेल तर बिलाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात विभाग कार्यालयात कळवा. अर्ज लिहायला अडलात तर घरी या, तमिळ मी लिहून देईन, बिलं मात्र तुम्ही आणा.

तुमचाच एक भाऊबंद,
मुक्काम तामिळनाडू